दुकानाची मोफत नोंद आणि गिऱ्हाइकाचे खरे मत

आपल्या वस्तीतील एका शिंपी मास्टरांच्या दुकानाची ही हकिगत आहे. मास्टर तीस वर्षांपासून ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश शिवतात. गेल्या वर्षी त्यांनी जुनी गल्ली सोडून मुख्य रस्त्यालगत गाळा घेतला. जुनी गिऱ्हाइके आली, परंतु नवीन येईनात. चौकशी केली असता असे आढळले की, फोनवरील नकाशात मास्टरांचे दुकान अद्याप जुन्याच गल्लीत होते, फोन नंबर भलत्याच माणसाचा होता आणि नावही मास्टरांनी कधी ठेवलेले नव्हते. पाटीवर फक्त दुकानाचे नाव आहे. नकाशावर मात्र त्यापुढे "बेस्ट लेडीज टेलर, स्वस्त शिलाई, फॉल-पिको" अशी शेपटी जोडलेली होती.

मास्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता. गुगलवर टाकून देतो म्हणाला. पाचशे रुपये घेतले आणि गेला."

येथेच आमच्या लक्षात आले की, हा विषय आपल्या सभासदांसमोर सविस्तर मांडला पाहिजे. कारण ज्या कामासाठी मास्टरांनी पैसे मोजले ते काम मुळात विनामूल्य आहे. गुगल कंपनी ही नोंद ठेवते. तिला पूर्वी 'गुगल माय बिझनेस' म्हणत. 2021 पासून तिचे नाव 'गुगल बिझनेस प्रोफाइल' असे आहे. नोंद करण्यास, ती दुरुस्त करण्यास अथवा ती टिकवण्यास कसलेही शुल्क नाही. तसेच पैसे देऊन नकाशावरील नेहमीच्या यादीत वरचा क्रमांकही विकत मिळत नाही. जाहिरात ही निराळी बाब असून तिच्यावर जाहिरात असल्याचे लिहिलेले असते. तेव्हा "वर्षाची फी भरा, नाहीतर तुमची नोंद बंद होईल" असा फोन आला तर तो खुशाल ठेवून द्यावा. आणि पडताळणीचा आकडा, म्हणजे फोनवर येणारा कोड, कोणालाही सांगू नये. खातेदाराने आपला ओटीपी जसा सांगू नये, तसेच हे आहे.

पाचशे रुपये गेले ते गेलेच, पण खरे नुकसान निराळे होते. त्या मुलाने नोंद स्वतःच्या ईमेल खात्यातून केली होती. म्हणजे दुकान मास्टरांचे आणि नोंदीचा मालक तो मुलगा. नंबर त्याचा, चावी त्याच्याकडे. मास्टरांना तीत एक अक्षरही बदलता येत नव्हते. वस्तीतील अनेक दुकानांची हीच स्थिती असावी असा आमचा अंदाज आहे. म्हणून पहिली गोष्ट ही की, नवीन नोंद करण्याआधी आपल्या दुकानाचे नाव नकाशावर शोधून पाहावे. नोंद आधीच असताना दुसरी केली तर एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात, गिऱ्हाइकांची मते विभागली जातात आणि पुढे त्यातली एक रद्द होण्याचा संभव असतो.

नोंद मुळीच नसेल तर काम सोपे आहे. business.google.com या ठिकाणी आपल्या स्वतःच्या ईमेल खात्याने प्रवेश करावा. नाव, धंद्याचा प्रकार, पत्ता, फोन आणि उघडण्या-मिटण्याच्या वेळा भराव्यात. नोंद असेल आणि तिला कोणी मालक नसेल तर तेथे "Claim this business" असे दिसते. तेथून ती आपल्या नावावर मागता येते. मास्टरांच्या नोंदीला मालक होता, म्हणून गुगलने "Request access" हा पर्याय दाखवला. त्यातून जुन्या मालकाला विनंती जाते. त्याला उत्तर देण्यास तीन दिवसांची मुदत असते. त्याने नकार दिला तर अपील करता येते. उत्तरच दिले नाही तर दुकान आपलेच असल्याचे सिद्ध करण्याची संधी बहुधा मिळते. ती प्रत्येक वेळी मिळेलच असे मात्र नाही. मास्टरांच्या बाबतीत तीन दिवस काहीच उत्तर आले नाही आणि चौथ्या दिवशी पडताळणीचा मार्ग खुला झाला.

ही पडताळणी म्हणजे बँकेत खाते उघडताना करतात तशी ओळखतपासणीच होय. ती फोनवर, ईमेलने, चित्रफितीने किंवा क्वचित टपालाने होते. कोणती पद्धत द्यायची हे गुगल ठरवते. आपल्याला निवड नसते. मास्टरांच्या वाट्याला चित्रफीत आली.

पहिली चित्रफीत मास्टरांच्या भाच्याने घेतली आणि ती नापास झाली. त्यात शिलाई मशीन होते, कापडाचे गठ्ठे होते, मास्टर कात्री चालवत होते, सर्व काही सुंदर होते. परंतु हे दुकान कोणत्या रस्त्यावर आहे हे त्यातून कळत नव्हते. शिवाय नकाशावरील लांबलचक नाव आणि पाटीवरील नाव जुळत नव्हते. नापास का झाली याचा खुलासा नेमका मिळत नाही, त्यामुळे कारण आपणच शोधावे लागते. आम्ही आधी नकाशावरील "Suggest an edit" मधून नावाची शेपटी काढण्याची दुरुस्ती पाठवली. ती मंजूर झाल्यावर दुसरी चित्रफीत घेतली.

या दुसऱ्या चित्रफितीचा क्रम सांगणे उपयुक्त ठरेल. ती सलग एकाच दमात घ्यावयाची असते, मध्ये कापता येत नाही, आणि ती निदान अर्धा मिनिटाची असावी. भाच्याने चौकातील रस्त्याच्या पाटीपासून सुरुवात केली, शेजारच्या औषधाच्या दुकानावरून फोन फिरवत मास्टरांच्या पाटीपर्यंत आला आणि पाटीचे नाव स्पष्ट वाचता येईल इतका वेळ तेथे थांबला. मग मास्टरांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडून शटर वर केले. आत मशीन, मापाची वही, आणि शेवटी भिंतीवरचा गुमास्ता. म्हणजे तीन गोष्टी दिसल्या: जागा कोणती, धंदा कोणता आणि चालवणारा कोण. गिऱ्हाइकांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रे त्यात येऊ देऊ नयेत. तपासणीस काही दिवस लागतात. या वेळी नोंद मंजूर झाली. मग मास्टरांनी पत्ता आणि फोन बदलला व नकाशावरील खूण बोटाने ओढून नव्या गाळ्यावर आणली. भाच्याला "People and access" मधून केवळ व्यवस्थापक केले. मालकी मास्टरांच्याच खात्यात ठेवली. मदतनीस बदलला तरी चावी घरातच राहावी एवढाच त्यातील हेतू.

नावाबाबत आणखी एक शब्द. नावात धंद्याचे वर्णन कोंबले की शोधात वर येतो अशी समजूत आहे, आणि काही काळ तसे होतेही. पण गुगलच्या नियमाप्रमाणे नाव पाटीवर असेल तेच हवे. कोणी तक्रार केली तर नोंद स्थगित होऊ शकते. फॉल-पिको लिहायचेच असेल तर सेवांच्या यादीत लिहावे, तेथे त्यासाठी जागा आहे.

आता गिऱ्हाइकांच्या मतांकडे वळू. नोंद मिळताच भाच्याने उत्साहाच्या भरात एका दिवसात पाच नातेवाइकांकडून पाच-पाच तारे देववले. त्यातले दोन तर त्याच्याच फोनवरून, निरनिराळ्या खात्यांतून. आठवड्याच्या आत त्यातली चार मते नाहीशी झाली. यात नवल नाही. एका जागेवरून, एका दिवसात, एकाच धाटणीचे कौतुक आले की यंत्रणेला संशय येतो. आणि नियमही स्पष्ट आहेत: स्वतःच्या दुकानाविषयी मत देता येत नाही, ज्याने सेवा घेतलीच नाही त्याने मत देऊ नये, आणि मताच्या बदल्यात सूट, भेट वा पैसे देता येत नाहीत. "पाच तारे द्या आणि शिलाईत दहा टक्के कमी" असा फलक आम्ही एका दुकानात पाहिला आहे. तो नियमबाह्य आहे, आणि अशा दुकानाला काही काळ नवीन मते मिळणेच बंद केले जाऊ शकते. समाधानी गिऱ्हाईक तेवढे निवडून त्यांनाच मत विचारणे आणि नाराजांना टाळणे हेही चालत नाही. आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये ऑनलाइन मतांसाठी आय.एस. 19000 हे मानक काढले. विकत घेतलेले वा ओळखीचे मत खरे म्हणून दाखवणे त्यालाही मान्य नाही.

मग खरे मत मिळवायचे कसे? मास्टरांनी "Ask for reviews" येथून चौकोनी क्यूआर खूण काढली, छापून घेतली आणि काउंटरवर लावली. पहिल्या पंधरवड्यात एकही मत आले नाही. आम्ही तेथे बसून पाहिले तेव्हा चूक कळली. मास्टर माप घेताना विनंती करीत होते. त्या वेळी बाईंनी कपडा पाहिलेलाच नसतो, त्या काय लिहिणार? मत मागण्याची वेळ म्हणजे कपडा घालून पाहिला, बाही नीट बसली आणि बाई आरशासमोरून हसत वळल्या, ती. शिवाय "चांगले लिहा" असे न म्हणता "कसे झाले ते लिहा, मराठीत लिहिले तरी चालते" असे म्हणावे, आणि हे प्रत्येकीला म्हणावे. मत देणाऱ्याचे ईमेल खाते असावे लागते व सर्वसाधारणपणे त्याचे नाव सर्वांना दिसते. काही भगिनींना ते नको असते. त्यांना आग्रह करू नये.

अशा रीतीने तीन महिन्यांत दहा मते झाली. नऊ जणींनी पाच तारे दिले. दहावीने दोन तारे देऊन लिहिले की, लग्नाचा ब्लाऊज सांगितल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा मिळाला. मास्टर फार दुखावले. ते म्हणाले, "हे पुसून टाका." पण ते पुसता येत नाही. खोटे, शिवीगाळीचे वा धंद्याशी असंबद्ध मत असेल तर त्याविरुद्ध तक्रार करता येते. मत आवडले नाही एवढे कारण गुगल मान्य करत नाही. आणि ही तक्रार तर खरी होती. मापाच्या वहीत तारीख होती.

हिशेब करून पाहिला: नऊ पंचे पंचेचाळीस अधिक दोन, म्हणजे सत्तेचाळीस, भागिले दहा, सरासरी 4.7. म्हणजे बिघडले फारसे नव्हतेच. मास्टरांनी त्या मताखाली उत्तर लिहिले: "ताई, लग्नसराईत कारागीर आजारी पडल्याने उशीर झाला, चूक आमची आहे. आता आम्ही तारीख देताना दोन दिवस राखून देतो." त्यात त्यांनी ना बाईंचा नंबर लिहिला, ना ब्लाऊजचे माप, गिऱ्हाइकाची खाजगी माहिती उत्तरात कधीच घालू नये.

पुढच्या महिन्यात एक नवीन बाई दुकानात आल्या. त्यांनी प्रथम ते दोन ताऱ्यांचे मत आणि त्याखालचे उत्तर वाचले होते. "मास्टर, मला पंचवीस तारखेला हवा," त्या म्हणाल्या, "तुमचे दोन दिवस धरून सांगा."

मास्टरांनी वही उघडली आणि सत्तावीस लिहिले. बाईंनी मान हलवली, मग त्यांनी ते खोडून तेवीस केले आणि आजारी कारागिराचे काम स्वतः रात्री बसून करायचे ठरवले.