शिडीच्या टोकाशी अडलेलं पात्र

निन्टेंडोचा ‘डाँकी काँग’ 1981 साली आला आणि शिडी चढणारा नायक घरोघरी ओळखीचा झाला. आज असा खेळ स्वतः बनवू पाहणाऱ्यांना हीच शिडी हमखास छळते. पात्र सरसर वर चढतं, पण टोकाशी पोहोचलं की थरथरतं, खाली घसरतं. वरच्या प्लॅटफॉर्मवर पाय काही टेकत नाही.

खेळातलं पात्र एका वेळी एकाच अवस्थेत असतं: उभं, चढतं किंवा पडतं. चढताना गुरुत्वाकर्षण बंद असतं, शिडी सुटली की ते पुन्हा सुरू होतं. ‘शिडी सुटली’ हे कशावरून ठरवायचं, यातच खरी गोम आहे.

समजा, पात्र 32 पिक्सेल उंच आहे आणि शिडी प्लॅटफॉर्मच्या पातळीला संपते. बहुतेक जण पात्राचा मध्यबिंदू शिडीवर आहे का, एवढंच तपासतात. मध्यबिंदू टोकाच्या वर गेला की संगणक पात्राला ‘पडतं’ ठरवतो, तेव्हा पाय अजून 16 पिक्सेल खालीच असतात. चढण्याचा वेग सेकंदाला 120 पिक्सेल आणि गुरुत्वाकर्षण गोडो इंजिनात मुळात असतं तसं 980 धरलं, तर उरलेल्या वेगाने पात्र जेमतेम 7 पिक्सेल वर जातं. मग ते खाली येतं, शिडी पुन्हा पकडतं, पुन्हा सुटतं. थरथर होते ती यामुळे. वेग 200 केला तर पात्र 20 पिक्सेल उसळून वर पोहोचतं आणि दोष गेल्यासारखा वाटतो, पण तो फक्त झाकला जातो.

दोष ओळखायला अवस्थेचं नाव पडद्यावर छापून पाहावं. ‘चढतं’ आणि ‘पडतं’ आलटून पालटून दिसलं, तर चूक या सीमेची आहे. ‘चढतं’ कायम राहून उंची वाढतच नसेल, तर डोकं प्लॅटफॉर्मच्या तळाला अडतंय. अशा वेळी तो प्लॅटफॉर्म खालून आरपार जाऊ देणारा, एकतर्फी करावा लागतो.

सीमेच्या चुकीवर उपाय असा की निर्णय पायांवरून घ्यावा. चढत असताना पाय प्लॅटफॉर्मच्या पातळीला आले की पात्राला आधी नेमकं तिथे ठेवावं, वेग शून्य करावा आणि मगच अवस्था बदलावी:

```
if feet_y <= platform_y:
    global_position.y = platform_y - 16
    velocity.y = 0
    state = IDLE
```

एक पथ्य मात्र पाळायला हवं. टोकावर उभं असताना ‘वर’चं बटण दाबलेलं असलं तरी शिडी पुन्हा पकडू देऊ नये, तिथून फक्त ‘खाली’ दाबल्यावरच उतरू द्यावं. नाहीतर ‘उभं’ आणि ‘चढतं’ यांच्यात तोच लपंडाव सुरू होतो.

दुरुस्ती झाल्यावर चढण्याचा वेग निम्मा करून पाहा. तेव्हाही पात्र प्लॅटफॉर्मवर नीट उभं राहिलं, तरच दुरुस्ती खरी समजा.