धावपटूचे वर्ष : पाया, चढ, शिखर आणि विश्रांती

पालघर, बोईसर भागातील क्लबमध्ये धावणारे अनेक जण गुडघ्याची किंवा नडगीची तक्रार घेऊन येतात. चौकशी केली की बहुतेकदा एकच गोष्ट कळते. वर्षभर रोज तेच अंतर, त्याच दमछाक करणाऱ्या वेगाने धावणे चालू असते. याऐवजी वर्षाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात शरीरावर वेगळा भार देण्याच्या पद्धतीला पीरियडायझेशन म्हणतात.

टप्पे कशासाठी?

व्यायामाचा परिणाम शरीराच्या सर्व भागांवर एकाच गतीने होत नाही. रक्तातील द्रवाचे प्रमाण एक-दोन आठवड्यांत वाढते, त्यामुळे दम लवकर सुधारतो. हाडांचे आणि स्नायूबंधांचे तसे नाही. हाडावर ताण आला की आधी जुना भाग झिजवून काढला जातो आणि मग तिथे नवे हाड भरते. या कामाला तीन-चार महिने लागतात. दम वाढला म्हणून महिन्याभरात अंतर दुप्पट केले, तर हाड अजून अर्धवट दुरुस्तीतच असते. मग नडगीच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

बोईसरचे एक उदाहरण

समजा, तारापूर एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या निरोगी धावपटूला मुंबई मॅरेथॉनमधील २१ किलोमीटरची शर्यत धावायची आहे. ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून मागे मोजत यायचे.

पाया : जुलै ते ऑक्टोबरचा मध्य, १४ आठवडे. आठवड्यातून चार दिवस धावायचे. वेग इतकाच, की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. सुरुवात आठवड्याला २० किलोमीटरने करून शेवटी ३४ पर्यंत पोहोचायचे, पण सरळ रेषेत नाही. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर रात्रपाळी दर तिसऱ्या आठवड्याला येते. तोच आठवडा हलका ठेवावा. म्हणजे २०, २२, मग १६. पुढे २३, २५, मग १८. रात्रपाळीत झोप तुटते आणि दुरुस्तीचे बरेचसे काम झोपेतच होते. दोन दिवस पोटऱ्या आणि मांड्यांचे ताकदीचे व्यायाम करावेत. ऑक्टोबरच्या पूर्वार्धातील उकाड्यात वेगाचा सराव नसतो, हाही या मांडणीचा फायदा.

चढ : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, १० आठवडे. आता आठवड्यातले दोनच दिवस कठीण. एका दिवशी २० मिनिटे अशा वेगाने, की दोन-चार शब्दच बोलता यावेत. दुसऱ्या दिवशी एक किलोमीटर वेगात, मग तीन मिनिटे सावकाश, असे चार-पाच वेळा. बाकीचे दिवस पूर्वीसारखेच संथ. रविवारची लांब धाव १२ वरून १८ किलोमीटरवर न्यायची आणि आठवड्याची बेरीज ४५ च्या आत ठेवायची. वसई-विरारची मॅरेथॉन सहसा डिसेंबरात होते. तिथे धावायचे असेल तर रंगीत तालीम म्हणून धावावे, जीव काढून नव्हे.

शिखर : शेवटचे चार आठवडे. पहिले दोन आठवडे शर्यतीच्या वेगाचा सराव. नंतरच्या दोन आठवड्यांत अंतर ४५ वरून ३२ आणि मग २२ वर आणायचे. थोडे वेगवान धावणे मात्र चालू ठेवायचे. थकवा काही दिवसांत उतरतो, कमावलेली क्षमता तितक्या लवकर जात नाही. अनेकांना या काळात धास्ती वाटते आणि ते शेवटच्या रविवारी लांब धावतात. त्याने क्षमता वाढत नाही, फक्त पाय जड राहतात.

विश्रांती : शर्यतीनंतर चार आठवडे. पहिला आठवडा फक्त चालणे, पुढे सावकाश धावणे. मार्च ते जून दमट उन्हाळ्यात सायकल, पोहणे, ताकदीचे व्यायाम आणि पहाटेच्या छोट्या धावा पुरतात.

भार जास्त झाला हे कसे ओळखावे?

- सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. सलग तीन-चार दिवस नेहमीपेक्षा मिनिटाला पाच-सात ठोके जास्त आले, तर तो आठवडा हलका करा.
- नेहमीचा संथ वेगच जड वाटू लागला आणि थकूनही झोप येत नसेल, तर तेच करा.
- हाडावर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तर धावणे थांबवून तपासून घ्या. बारीक तडा सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही.
- स्त्री खेळाडूची मासिक पाळी तीन महिने आली नाही, तर तपासणी आवश्यक आहे. गर्भधारणा नसल्यास, व्यायामाच्या मानाने आहार कमी पडणे हे त्याचे एक मोठे कारण असते.
- छातीत दुखणे किंवा धावताना भोवळ येणे, यात वाट पाहू नका.

आठवड्यांची हीच विभागणी सर्वांत चांगली, असे सिद्ध झालेले नाही. ताप आला किंवा जादा पाळी लागली तर बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढू नयेत. दोन-तीन आठवडे गेले असतील तर चढाचा टप्पा तेवढा लहान करा आणि शर्यतीच्या वेळेची अपेक्षा कमी करा. पायाचा टप्पा मात्र कापू नका.