मेट्रोत गाडी आपोआप का वळते?

परवा वर्सोवा–घाटकोपर मेट्रोत शेजारचा मुलगा रेसिंग गेम खेळत होता. फोन सरळ धरलेला, तरी स्टेशन सुटलं की त्याची कार कडेला घासायची. बिचारा गेमला शिव्या देत होता!

टिल्ट स्टीअरिंगमध्ये फोनचा सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहून कल ओळखतो, पण ट्रेनचा वेग बदलतानाचा झटका त्याला गुरुत्वाकर्षणापासून वेगळा ओळखता येत नाही. मेट्रोत आपण खिडकीला पाठ लावून बसतो. म्हणजे ट्रेन आपल्या उजवीकडे वेग घेते तेव्हा सेन्सरला फोन डावीकडे कलल्यासारखा वाटतो. ब्रेक लागला की उलट. वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढत असेल, तर हा खोटा कल जवळपास ६ अंश होतो.

२० अंशांत पूर्ण स्टीअरिंग वळत असेल तर ६ अंश म्हणजे ३० टक्के. सेन्सिटिव्हिटी कमी करून तेच ४५ अंशांवर नेलं, तर जेमतेम १३ टक्के. डेड झोन वाढवूनही थोडा फरक पडतो, पण मग सरळ रस्त्यावरची बारीक दुरुस्ती जाते.

मी प्रवासात बटणंच वापरतो. ऑटो-अ‍ॅक्सिलरेट चालू, डाव्या अंगठ्याखाली दोन्ही दिशा, उजव्याखाली ब्रेक. बटण अर्धवट दाबता येत नाही, म्हणून लांब वळणावर छोटे-छोटे टॅप. घरी मात्र टिल्टच!

तुमचं सेटिंग काय? अडलं तर विचारा.