टाके सुकले, तरी कुत्रीला धावू देऊ नका

कुत्रीचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन झालं की पहिले दोन दिवस ती गप्प पडून राहते आणि सांभाळायला सोपी असते. खरी कसोटी चौथ्या दिवसापासून लागते. दुखणं कमी होतं, कातडी वरून जुळलेली दिसते आणि ती पुन्हा कोंबड्यांमागे धावायला बघते. पण पोटाला थरांनी टाके घातलेले असतात. आतला स्नायूंचा थर वरच्या कातडीपेक्षा बराच उशिरा बळकट होतो. एका उडीने तो उसवू शकतो. म्हणून वरून जखम कशीही दिसली तरी दहा ते चौदा दिवस धावणं, उड्या आणि पायऱ्या बंद.

समजा, आपली राणी दोन वर्षांची आहे, अंगणात मोकळी वाढलेली. तिला पडवीच्या किंवा खोलीच्या कोपऱ्यात, कोरड्या गोणपाटावर बांधा. शी-शूला दिवसातून तीन-चार वेळा, आखूड दोरीने, पाच मिनिटंच बाहेर न्या. ती कंटाळली की भाकरीचे तुकडे जुन्या फडक्यात गुंडाळून समोर ठेवा. हुंगून हुंगून शोधताना ती बसल्या जागी दमते. गळ्यातला कोन तेवढ्यापुरता काढा आणि तुम्ही तिथेच बसा.

बाकी वेळ, रात्रीसुद्धा, कोन गळ्यातच हवा. त्याची कडा नाकाच्या दोन बोटं पुढे यावी आणि गळ्यापाशी दोन बोटं सहज जावीत. कोन आखूड असला तर जीभ टाक्यांपर्यंत पोचते. कुत्रीच्या चाटण्याने जखम भरते असं आपण ऐकत आलो, पण चाटण्याने टाके सुटतात आणि तोंडातली घाण जखमेत जाते.

रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात तिला कुशीवर झोपवून जखम बघा. पहिल्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे फरक कळतो. थोडी लाली आणि थोडी सूज चालते, पण ती रोज कमी व्हायला हवी. सूज वाढली, टाक्यांखाली मऊ फुगा आला, पू, वास किंवा अळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. हिरड्या पांढऱ्या पडल्या, पोट फुगलं, कुत्री उठेना, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. मग सकाळची वाट पाहू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात माश्या ओल्या जखमेवर अंडी घालतात. म्हणून जखम कोरडी ठेवा. हळद, तेल, राख लावू नका आणि टाके निघेपर्यंत आंघोळ घालू नका. आपल्या घरातली वेदनेची गोळी तर मुळीच देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी ठरू शकते.

दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या: टाके आपोआप विरघळणारे आहेत, की काढायला परत आणायचं, आणि कोणत्या तारखेला?