दुकानाच्या वेबसाइटवर इन्स्टाग्राम, पण पान जड न करता

इन्स्टाग्रामवरची पोस्ट वेबसाइटवर दाखवायची तर तिचा एम्बेड कोड पानात चिकटवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पान मंदावते ते बहुतेकदा याच मार्गाने. अशी प्रत्येक पोस्ट पानाच्या आत उघडणारे एक वेगळे पान असते आणि ते स्वतःची स्क्रिप्ट, बटणे, मजकूर असे सगळे घेऊन येते. सहा पोस्ट म्हणजे अशी सहा पाने. साध्या मोबाइलची ताकद त्यातच खर्ची पडते. शिवाय पोस्ट उघडेपर्यंत तिची उंची ब्राउझरला ठाऊक नसते. ती उघडली की खालचा मजकूर खाली ढकलला जातो आणि ग्राहकाचे बोट भलत्याच बटणावर पडते. ही हलाहल सीएलएस या अंकाने मोजतात; गूगलच्या मते तो ०.१ किंवा त्याहून कमी असावा.

समजा, येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाला ताज्या सहा साड्या मुखपृष्ठावर दाखवायच्या आहेत. ग्राहकाला तिथे हवी असते साडी. लाइक आणि कमेंटची बटणे नव्हेत. म्हणून इन्स्टाग्रामशी बोलण्याचे काम ग्राहकाच्या फोनऐवजी दुकानाच्या सर्व्हरने करावे. दर तासाला सर्व्हर एपीआयमार्फत नव्या पोस्ट मागवतो, फोटो लहान आकारात स्वतःकडे साठवतो आणि पानात साधी चित्रे ठेवतो:

```html
<a href="पोस्टचा पत्ता">
  <img src="/feed/1.webp" width="400" height="400"
       loading="lazy" alt="जांभळी पैठणी, मोराचा पदर">
</a>
```

`width` आणि `height` दिल्यामुळे चित्र येण्याआधीच त्याची जागा राखली जाते. `loading="lazy"` मुळे ग्राहक खाली सरकत तिथवर पोहोचू लागला की मगच चित्र मागवले जाते. मात्र पान उघडताच दिसणाऱ्या मोठ्या चित्राला हा गुण लावू नये, ते उलट उशिरा येते. फोटो साठवण्याची पायरीही टाळू नये, कारण इन्स्टाग्रामने दिलेले चित्रांचे पत्ते काही काळाने बंद पडतात आणि चौकटी रिकाम्या दिसू लागतात.

मांडणीत संयम हवा. साड्यांची यादी आणि दुकानाचा पत्ता झाल्यावर, तळटीपेच्या वर ही सहा चित्रे पुरेत. मोबाइलवर दोन-दोनच्या तीन ओळी. उभे-आडवे फोटो `object-fit: cover` ने एकाच मापाच्या चौकटीत बसतात. व्हिडिओऐवजी त्याचे स्थिरचित्र दाखवावे. पाहायचा असेल तो दाबून पाहील.

यासाठी दुकानाचे इन्स्टाग्राम खाते व्यावसायिक प्रकारचे लागते. वैयक्तिक खात्यांसाठीची जुनी बेसिक डिस्प्ले एपीआय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. परवान्यादाखल मिळणारे दीर्घ मुदतीचे टोकन ६० दिवस चालते. मुदतीच्या आत त्याचे नूतनीकरण झाले नाही, तर पान बिघडल्यासारखे दिसत नाही, फक्त त्याच त्या साड्या दिसत राहतात. म्हणून नूतनीकरण दरमहा आपोआप व्हावे आणि ते फसल्यास मालकाला ईमेल जावा. इन्स्टाग्रामवरून काढून टाकलेली पोस्टही दुकानाच्या साठ्यात तशीच उरते. त्यामुळे दर वेळी नवी यादी जुन्या साठ्याशी ताडून, यादीत नसलेले फोटो पुसून टाकावे लागतात.