पुलाचा पाया किती खोल असावा?

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. त्यात एसटीच्या दोन बस आणि इतर वाहने वाहून गेली. त्यानंतर राज्यभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: आमच्या गावचा पूल सुरक्षित आहे का? हे विचारताना आपण कठडे, कमानी, भेगा आणि उघडे पडलेले गज पाहतो. पण नदीवरचा पूल पडतो तेव्हा बऱ्याचदा त्याचे कारण पाण्याखाली असते. पूर नदीचा तळ खणून काढतो आणि खांबाचा आधारच जातो. अभियंते याला ‘स्कावर’ म्हणतात, मराठीत सरळ ‘तळाची खरवड’ म्हणता येईल. प्रत्येक नदीपुलाच्या अहवालात या विषयाचे एक प्रकरण असते. दोन-चार पानांचेच, पण पुलाचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

समुद्रकिनारी ओल्या वाळूत उभे राहिल्यावर परतणारी लाट टाचेभोवतीची वाळू कशी ओढून नेते, हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. खांबाभोवती हेच घडते, फक्त कितीतरी मोठ्या ताकदीने. वेगाने येणारे पाणी खांबाच्या पुढच्या अंगावर आपटते, खाली वळते आणि बुंध्याशी भोवरा होऊन फिरू लागते. तो भोवरा वाळू-गोटे उचलून मागे फेकतो आणि खांबाच्या पायथ्याशी खड्डा पडतो. पूर चढत असताना हा खड्डा वाढतो. पूर ओसरू लागला की वरून येणारा गाळ त्यात बसतो आणि खड्डा भरून जातो. म्हणून पावसाळा संपल्यावर पाहणीला गेलेल्या माणसाला नदीचा तळ सपाट दिसतो. पुराच्या ऐन रात्री तो कुठवर खाली गेला होता, याचा मागमूसही राहत नाही. डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो हिशेबाने काढावा लागतो.

हा हिशेब तीन गोष्टींवर उभा असतो: किती पाणी येणार, तळ कशाचा आहे आणि पाया कुठवर न्यायचा. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण पद्धत भारतीय रोड काँग्रेसच्या नियमांतली आहे. समजा, कोकणातल्या एका नदीचे पुलापर्यंतचे पाणलोट क्षेत्र 250 चौरस किलोमीटर आहे. अशा नदीच्या पुराचा अंदाज घ्यायला पश्चिम घाटातल्या नद्यांसाठी इंग्लिस यांचे सूत्र आजही वापरतात. क्लॉड इंग्लिस हे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी जोडलेले अभियंते होते. त्यांच्या सूत्राने इथला पूर सेकंदाला सुमारे 1,920 घनमीटर येतो. एका घनमीटरचे एक हजार लिटर होतात.

पण सूत्रावर एकट्यावर विसंबत नाहीत. गावात जाऊन जुन्या माणसांना विचारतात, देवळाच्या पायरीवरच्या किंवा घराच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजतात आणि त्या पातळीला नदीचा काटछेद किती भरतो ते काढतात. आपल्या नदीत तो काटछेद 560 चौरस मीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला 3.2 मीटर धरला, तर विसर्ग सुमारे 1,790 घनमीटर होतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे जवळ आले, तर भरवसा बसतो आणि त्यातला मोठा घेतात. ते फार दूर गेले, तर कुठेतरी चूक आहे असे समजावे. पुराची खूण भलत्याच वर्षाची असते, नाहीतर पाणलोट नकाशावर चुकीचा आखलेला असतो. पायासाठी यावर आणखी भर घालतात. लहान पाणलोटात अचानक मोठा पूर येण्याचा धोका जास्त, म्हणून 3,000 चौरस किलोमीटरपर्यंत 30 टक्के वाढ धरतात. आपला आकडा मग सुमारे 2,500 घनमीटर होतो.

हे सारे पाणी पुलाखालून किती रुंदीतून जाणार, हा पुढचा प्रश्न. पाण्याला 125 मीटर मोकळी वाट मिळत असेल, तर रुंदीच्या प्रत्येक मीटरमधून सेकंदाला 20 घनमीटर पाणी जाते. खरवडीचा हिशेब या आकड्यावर चालतो, एकूण पुरावर नाही.

आता तळाची माती. पाणी तेच असले तरी बारीक रेती सहज उचलली जाते, गोटे सहज हलत नाहीत. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढतात, चाळण्यांच्या उतरंडीतून चाळतात आणि कणांचा सरासरी व्यास काढतात. आपल्या नदीत तो 1.3 मिलिमीटर, म्हणजे जाड वाळूचा, निघाला असे समजू. व्यासाच्या वर्गमुळाला 1.76 ने गुणले की गाळ गुणांक मिळतो. इथे तो 2 येतो. मग लेसी या अभियंत्याच्या संशोधनावर आधारलेले सूत्र लावतात:

d_sm = 1.34 × (D_b² / K_sf)^(1/3)

यात D_b म्हणजे दर मीटर रुंदीतला विसर्ग, म्हणजे आपले 20, आणि K_sf म्हणजे गाळ गुणांक, म्हणजे 2. उत्तर 7.8 मीटर येते. ही खरवडीची सरासरी खोली, आणि ती नदीच्या तळापासून नव्हे, पुराच्या सर्वोच्च पातळीपासून खाली मोजायची असते. अहवाल वाचताना गोंधळ होतो तो नेमका इथे. खांबाशी भोवऱ्यामुळे जास्त खणले जाते, म्हणून तिथे ही खोली दुप्पट धरतात: जवळजवळ 15.7 मीटर.

पुराची पातळी 20 मीटरवर आणि नदीचा सर्वात खोल तळ 13 मीटरवर असेल, तर पुरात खांबाजवळची वाळू 4.3 मीटरच्या पातळीपर्यंत निघून जाऊ शकते. म्हणजे एरवी दिसणाऱ्या तळाच्याही जवळपास पावणेनऊ मीटर खाली. पाया त्याच्याही खाली घट्ट रुतलेला हवा. खांबाखाली उतरवलेल्या विहिरीच्या पायासाठी ही पकड खरवडीच्या खोलीच्या एक तृतीयांश ठेवतात. इथे सव्वापाच मीटर. म्हणजे पाया समुद्रसपाटीच्याही किंचित खाली, उणे 0.9 मीटरवर टेकतो.

यातला एकेक आकडा बदलून पाहिला की प्रत्येकाचे वजन कळते. 30 टक्क्यांची भर घातलीच नाही, तर खरवड 13.2 मीटर निघते, अडीच मीटरने कमी. पुलाची लांबी वाचवायला भराव आत घेतला आणि वाट 100 मीटरची केली, तर ती 18 मीटरच्या पुढे जाते. स्लॅबमध्ये वाचलेला पैसा मग पायाच्या खोलीत जातो. आणि तळ जाड वाळूऐवजी 0.33 मिलिमीटरच्या बारीक रेतीचा निघाला, तर खरवड जवळजवळ 20 मीटर होते, म्हणजे चार मीटरने जास्त. वरचे गोटे पाहून नमुना उचलला आणि खालच्या बारीक रेतीपर्यंत बोअर गेलाच नाही, तर ही चूक कागदावर कोणालाच दिसत नाही.

या सूत्राच्या मर्यादाही माहीत असाव्यात. ते सपाट मैदानातल्या गाळाच्या कालव्यांच्या अभ्यासातून जन्मले. मोठ्या गोट्यांच्या पात्रात त्याचा भरवसा कमी होतो आणि खडकावर तर ते लागूच पडत नाही. कोकणात बेसाल्ट अनेक ठिकाणी वरच असतो. तिथे पाया खडकात बसवतात: कठीण खडकात किमान 0.6 मीटर, मऊ खडकात 1.5 मीटर. पण कुजलेला खडक आणि मुरूम यांना खडक समजण्याची चूक घातक ठरते. म्हणून बोअरमधून निघालेली खडकाची कांडी अखंड आहे की तुकड्यांची, हे अहवालात पाहावे.

तळ टणक आहे या समजाची किंमत न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहारी क्रीक पुलाने मोजली. 5 एप्रिल 1987 रोजी तो पुरात कोसळला आणि दहा जण बुडाले. पाया हिमनदीने आणलेल्या घट्ट मातीत फक्त दीड मीटर खोल होता. ती माती वाहणार नाही असे मानले होते. संरक्षणासाठी खांबाभोवती मोठे दगड टाकले होते. लक्षात ठेवण्यासारखे हे, की याच पुलाने 1955 मध्ये 1987 पेक्षा मोठा पूर सोसला होता. त्या पुरात वाहून गेलेले दगड पुरेसे भरून काढले नाहीत आणि पुढची तीस वर्षे खांबाखालची माती थोडी थोडी सुटत राहिली. जुना पूल एवढे पूर पाहून उभा आहे, म्हणून पुढेही राहील, हे अनुमान म्हणूनच धरता येत नाही.

आपल्याकडे याला वाळू उपशाची जोड आहे. पुलाजवळून वाळू काढली की नदीचा तळच खाली जातो आणि पायाची पकड पूर येण्याआधीच कमी होते. बांधताना अहवालातली तळपातळी 13 मीटर असेल आणि आज ती 11 असेल, तर जुना हिशेब रद्द समजून नव्याने करावा. धोक्याची चिन्हेही आहेत. कठड्याची सरळ रेषा एखाद्या खांबावर वाकते, दोन स्लॅबमधली फट एका बाजूला जास्त उघडते, पायाची वरची कड किंवा विहिरीचा माथा उघडा दिसतो, खांबाशी झाडाचे ओंडके अडकलेले असतात. पूर गेल्यावर खांबाजवळ लोखंडी गज खुपसला आणि तो भुसभुशीत गाळात सहज आत गेला, तर तिथला खड्डा नुकताच भरलेला आहे असे समजावे.

आपल्या गावच्या पुलाबद्दल माहितीच्या अधिकारात विचारायचे असेल, तर पूल मजबूत आहे का असे विचारू नका. पायाची तळपातळी किती, खरवडीची पातळी कोणत्या पुरावर काढली, नमुने कुठल्या खोलीवरचे आणि आज नदीचा तळ कुठे आहे, ही चार उत्तरे लेखी मागा. पायाची पातळी खरवडीच्या खाली पुरेशी नसेल, किंवा ती कोणालाच माहीत नसेल, तर पुढच्या मोठ्या पुराच्या रात्री तो पूल वाहतुकीला बंद ठेवावा.