दीड लिटर, पण किती कॅलरी?

नाकात नळी असलेला रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर आहाराबद्दल बहुतेकदा एकच ओळ असते : ‘आरटी फीड, २५० एमएल, दर तीन तासांनी’. आरटी म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून थेट जठरात गेलेली नळी. पुढे रुग्णाला सांभाळणाऱ्या गावातल्या डॉक्टरांच्या हाती एवढाच कागद पडतो. त्या २५० मिलिलीटरमध्ये नेमकं काय आहे, याचा त्यात पत्ता नसतो. म्हणून रुग्णालयातल्या डाएटिशियनने डॉक्टरांना वेगळं पत्र लिहावं, असा माझा आग्रह असतो.

एक उदाहरण घेऊ. पासष्टीचे आजोबा, वजन ५० किलो, जुना मधुमेह. पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेली, वाचा गेलेली. पाण्याचा घोट घेतला तरी ठसका लागतो, म्हणून तोंडाने सगळं बंद. रुग्णालयात त्यांना तयार पावडरचं फीड दिलं जात होतं. ते कालवलं की एका मिलिलीटरला साधारण एक कॅलरी मिळते. २५० मिलिलीटर दिवसातून सहा वेळा, म्हणजे १५०० कॅलरी. किलोमागे ३० कॅलरी झाल्या, त्या त्यांना पुरेशा होत्या. प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास. इन्सुलिनचा डोस याच फीडवर बसवलेला.

घरी गेल्यावर पहिली अडचण पैशांची. दिवसाला १५०० कॅलरी हव्या असतील तर पावडरचा ४०० ग्रॅमचा डबा एक-सव्वा दिवसात संपतो. चार-आठ दिवसांत घरचे स्वयंपाकघराकडे वळतात. त्यात गैर काही नाही. घरचं फीड नीट केलं तर चांगलंच असतं. पण नळी बारीक असते आणि ती चोंदण्याची धास्ती मोठी असते. मग सूनबाई वरणाचं वरवरचं पाणी घेतात, त्यात थोडं दूध आणि भाताची पेज घालतात, मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळतात. डाळ गाळणीतच राहते आणि चोथा म्हणून टाकली जाते. जे नळीतून जातं त्यात फीडमागे जेमतेम शंभर कॅलरी असतात. दिवसाचा हिशेब सहाशेवर येतो. डॉक्टरांनी विचारलं, ‘फीड किती जातं?’ तर उत्तर मिळतं, ‘दीड लिटर, एकही वेळ चुकवत नाही.’ उत्तर अगदी खरं असतं आणि माणूस मात्र वाळत जातो. मग क्षयाची शंका येते, कर्करोगाची येते, तपासण्या सुरू होतात.

मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो, आणि तो वजन घटण्याच्या आधी समोर येतो. फीड पातळ झालं, इन्सुलिन मात्र रुग्णालयातलंच राहिलं. साखर खाली येते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं ही लक्षणं एरवी रुग्ण स्वतः सांगतो. या आजोबांना बोलताच येत नाही. ते नुसते सुस्त पडून राहतात आणि घरच्यांना वाटतं, आज झोप चांगली लागली. रात्री नळी निसटली आणि सकाळचं इन्सुलिन सवयीने दिलं गेलं, तरी हेच होतं. अशा वेळी घाबरून तोंडात साखरपाणी घालायचा मोह होतो. ज्याला गिळता येत नाही त्याच्या ते फुप्फुसात जाऊ शकतं. नळी जागेवर आहे अशी खात्री असेल तर साखरपाणी नळीतून द्यायचं. नळी नसेल तर तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठायचा, म्हणजे शिरेतून ग्लुकोज देता येईल.

या सगळ्यावर पत्रात काय लिहायचं? पहिली गोष्ट, फीडची पाककृती आणि तिच्या कॅलरी. आजोबांसाठी मी असं लिहीन : ‘एका फीडसाठी दूध १५० मिलिलीटर, मुगाची डाळ २० ग्रॅम, तांदूळ १० ग्रॅम, तेल एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ. डाळ-तांदूळ कोरडे मोजून मऊ शिजवावेत आणि सगळं वाटून पाण्याने २५० मिलिलीटर करावं. यातून सुमारे २५० कॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं मिळतात. जीवनसत्त्वांचं सिरप वेगळं द्यावं.’ हे दाट होतं, हे मान्य. पण त्यावर पाणी वाढवण्यापेक्षा चांगला उपाय आपल्याच घरात आहे. मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ चमचाभर घ्यायचं आणि शिजलेलं मिश्रण कोमट-गरम असताना त्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मोडांमध्ये तयार झालेलं अमायलेज हे विकर पिष्ट तोडतं आणि घट्ट लापशी पातळ होते. कॅलरी होत्या तेवढ्याच राहतात. उकळत्या मिश्रणात मात्र हे पीठ घालू नये, विकर निकामी होतं. पीठ कालवून झालं की मग एक उकळी द्यावी आणि फीड निववून गाळावं. चोथा फार राहिला तर तो टाकायचा नाही, पुन्हा वाटायचा.

दुसरी गोष्ट, मोजमाप. घरी जाताना वजन किती होतं आणि दंडाचा घेर किती होता, हे दोन आकडे पत्रात हवेतच. झोपून असलेल्या माणसाचं वजन कसं करायचं, असं विचारलं जातं. मुलाने वडिलांना उचलून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. ते जमत नसेल तर शिंप्याची टेप पुरते. दर पंधरा दिवसांनी त्याच हाताचा, त्याच जागी घेर घ्यायचा. घेर कमी होत असेल तर डॉक्टरांनी आधी पातेल्यात डोकवावं, मग तपासण्या लिहाव्यात.

तिसरी गोष्ट, इन्सुलिन. इथे डाएटिशियनने डोस सांगायचा नसतो, संबंध सांगायचा असतो. ‘सध्याचा डोस १५०० कॅलरींच्या फीडवर ठरलेला आहे. घरचं फीड सुरू झाल्यावर पहिला आठवडा ग्लुकोमीटरवर साखर अधिक वेळा पाहावी. फीड चुकल्यास त्या फीडबरोबरचं इन्सुलिन देऊ नये. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचं काय करायचं ते कृपया आपण आधीच घरच्यांना सांगून ठेवावं.’ याच्याच शेजारी गोळ्यांची ओळ यावी. नळीसाठी गोळ्या कुटल्या जातात. पण हळूहळू विरघळणारी एसआर गोळी कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. तिचा साधा किंवा पातळ पर्याय डॉक्टरांनी लिहून द्यावा लागतो.

एक सूचना मी मुद्दाम ठळक करते. महिनाभर सहाशे कॅलरींवर राहिलेला माणूस सापडला, तर दुसऱ्याच दिवशी त्याला १५०० वर नेऊ नये. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. आधी थायमिन द्यावं, रक्त तपासावं आणि कॅलरी काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवाव्यात.

अंथरुणाचं डोकं वर उचललेलं ठेवणं, फीडच्या आधी आणि नंतर ३० मिलिलीटर पाणी सोडणं, नाकाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते पाहणं, हे घरच्यांना वॉर्डात शिकवलेलं असतं. पत्रात त्याची एक ओळ पुरते. शेवटी गिळण्याच्या फेरतपासणीची तारीख आणि ती कोण करणार, हे लिहावं. पक्षाघातानंतर बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं, आणि तारीख नसेल तर गरज संपलेली नळीही नाकात तशीच राहते. चार आठवड्यांनंतरही गिळणं जमत नसेल, तर नाकातल्या नळीऐवजी पोटातून बसवायच्या पेग नळीचा विचार करावा, हेही तिथेच नोंदवावं.